रंगवलेला घन कापल्यावर कुठल्या तुकड्याला किती रंग लागतो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी रिझनिंग घेतो. भरतीची पोरं-पोरी असतात, अधूनमधून शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांचे पालक पण येऊन बसतात, आणि घनाचं गणित आलं की सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. जवळजवळ सगळीकडे एकच घन घेतलाय, १२ सेंमीचा, ३ सेंमीच्या तुकड्यांत कापलेला, म्हणजे प्रश्न बदलला की उत्तर नेमकं कुठं बदललं ते तुम्हाला समोरासमोर दिसेल.

प्रश्न: हा प्रश्न नेमका असतो काय?

एक लाकडी घन आहे, प्रत्येक कड १२ सेंमी. सहाही बाजूंना लाल रंग दिला. रंग वाळल्यावर तो ३ सेंमीच्या छोट्या घनांत कापला. आता सांगा, तीन बाजू रंगलेले किती, दोन बाजू रंगलेले किती, एक बाजू रंगलेले किती आणि अजिबात रंग न लागलेले किती. एवढाच विषय. रंग आधी दिला आणि कापला नंतर, म्हणून कापल्यावर ज्या नव्या बाजू उघड्या पडतात त्या कोऱ्याच राहतात, सगळं गणित त्या एका गोष्टीवर उभं आहे.

प्रश्न: सुरुवात कुठून करायची? आकडे बघून गडबडायला होतं.

एकच आकडा शोधायचा, एका कडेवर किती तुकडे बसतात तो. त्याला n म्हणू. १२ भागिले ३, म्हणजे n = ४. झालं, आता १२ पण विसरा आणि ३ पण विसरा, पुढं त्यांचं काही काम नाही. इथंच बरेच जण १२ लाच n धरून पुढं जातात, मग दोन बाजूवाले १२० येतात आणि पर्यायात १२० नसतोच.

कधी प्रश्नात सेंमी नसतात, सरळ "६४ समान घनांत कापला" असं असतं. मग ६४ चं घनमूळ काढायचं, ४ येतंय. आणि कधी "९ वेळा कापला" असं देतात. घन तीन दिशांनी कापायला लागतो, ९ काप तीन दिशांत वाटले तर प्रत्येक दिशेला ३, आणि ३ काप मारले की ४ पट्ट्या होतात. म्हणजे परत n = ४. उलट्या बाजूनं लागणारे काप ३ × (n − १).

प्रश्न: चार तुकडे करायला तीनच काप कसे?

पाव कापताना बघा, एकदा सुरी फिरवली की दोन तुकडे, दुसऱ्यांदा तीन, तिसऱ्यांदा चार. तुकडे नेहमी कापांपेक्षा एकनं जास्त. हे सगळ्यांना माहीत असतं पण पेपरात घाईत ९ भागिले ३ करून n = ३ धरलं जातं आणि पुढचं सगळंच ढासळतं. ९ काप दिलेत आणि तुमचे एकूण तुकडे २७ येतायत तर समजून जायचं की एक मिळवायचा राहिलाय.

यातला एक बारकावा काही हुशार पोरं विचारतात, की कापलेले तुकडे उचलून एकमेकांवर ठेवून परत कापले तर? तर मग ९ लागत नाहीत, ६ कापांत ६४ तुकडे होतात, कारण प्रत्येक दिशेला एकदा अर्धे करायचे, दोन्ही अर्धे एकत्र ठेवून परत अर्धे करायचे. पण २७ तुकडे मात्र कसंही हलवून ठेवलं तरी ६ कापांच्या आत होत नाहीत, कारण मधोमध जो एक तुकडा असतो त्याच्या सहाही बाजू कापूनच तयार व्हायला लागतात आणि एका कापात त्याची एकच बाजू मोकळी होते. परीक्षेत तुकडे न हलवता कापलंय असंच धरायचं.

प्रश्न: सूत्रं पाठ करू का? ८, १२(n−२), ६(n−२)², (n−२)³.

पाठ होतीलच, पण ती आली कुठनं ते एकदा हातानं बघितलं नाही तर प्रश्नात "खालची बाजू रंगवली नाही" एवढं चार शब्द आले तरी सूत्र हातात असून उपयोग नाही. आमच्याकडं मी एक मोठा बटाटा आणायला सांगतो. सोलायचा, चारीबाजूनं तासून घनासारखा करायचा, वरनं कुंकवाचं घट्ट पाणी लावायचं आणि चांगलं सुकू द्यायचं. मग प्रत्येक दिशेला दोन काप, एकूण सहा. सुरी दर कापानंतर पुसायची, नाहीतर लाल रंग सुरीबरोबर आत ओढला जातो आणि कोरी बाजू पण लालसर दिसायला लागते, मग मोजताना भांडणं. पहिले दोन काप झाले की रबर लावायचं, म्हणजे पट्ट्या घसरत नाहीत.

२७ तुकडे झाले की ताटात पसरायच्या आधी एकेक तुकडा जागेवरनं उचलून बघायचा. कोपऱ्यातला उचलला की तीन बाजू लाल, प्रत्येक वेळी तीनच, कारण कोपऱ्यावर मोठ्या घनाच्या तीन बाजू येऊन मिळतात. कडेच्या मधला उचलला की दोन, कारण कड म्हणजे दोन बाजू जुळतात ती रेघ. बाजूच्या अगदी मधला उचलला की एकच. आणि सगळ्यात शेवटी आत एक तुकडा राहतो, पूर्ण पांढरा, त्याला बाहेरची हवाच लागलेली नव्हती.

बास, चारच जागा आहेत. कोपरा, कड, बाजूचा मध आणि गाभा. पाचवी जागा नाही. यापुढचा कुठलाही प्रश्न आला तरी आधी विचारायचं, हा तुकडा या चारांपैकी कुठं बसलाय.

प्रश्न: सगळीकडं n − २ च का? n का नाही?

कारण प्रत्येक कडेच्या दोन्ही टोकांना कोपरे बसलेत आणि कोपरे आपण आधीच तीन बाजूवाल्यांत मोजून टाकलेत. आपल्या घनात कडेवर ४ तुकडे, दोन टोकांचे दोन गेले, उरले २. कडा एकूण १२, म्हणून दोन बाजूवाले १२ × २ = २४.

एका बाजूवर ४ × ४ = १६ तुकडे दिसतात. त्यांच्या भोवतीची चौकट म्हणजे कोपरे आणि कडा, ती काढून टाका, आत २ × २ = ४ राहतात. बाजू ६, म्हणून एक बाजूवाले ६ × ४ = २४. गाभ्यासाठी वरचा थर, खालचा थर, डावा, उजवा, पुढचा, मागचा असा सगळीकडनं एकेक थर सोलून काढला की आत २ × २ × २ = ८ चा छोटा घन मिळतो, तेच कोरे. कोपरे तर घनाला नेहमी ८ च.

म्हणजे आपलं उत्तर: तीन बाजूवाले ८, दोनवाले २४, एकवाले २४, कोरे ८. बेरीज ६४. जमलं.

प्रश्न: सर, दोनवाले आणि एकवाले दोन्ही २४ कसे? काहीतरी चुकलंय का?

चुकलेलं नाही, हा n = ४ चा स्वभावच आहे. आणि म्हणूनच मी म्हणतो की ४ चा घन शिकायला फसवा आहे, पेपर काढणाऱ्यांना मात्र तो आवडतो. इथं n − २ = २ येतंय, म्हणून १२ × २ आणि ६ × २ × २ दोन्ही २४, तसंच ८ कोपरे आणि २ × २ × २ पण ८. दोन जोड्या सारख्या पडतात. त्यामुळं एखाद्यानं कडेचं आणि मधल्याचं सूत्र उलटंपालटं लावलं तरी उत्तर बरोबर येतंय, आपल्याला सगळं येतंय असं वाटतं आणि मग ५ चा घन आला की तोंडावर आपटतो.

म्हणून घरी सराव ५ वर करा. १५ सेंमीचा घन, ३ सेंमीचे तुकडे: ८, ३६, ५४, २७. चारही वेगळे, इथं सूत्र उलटं लागलं की लगेच कळतं. बेरीज १२५.

अजून एक गंमत n = ८ ला आहे. तिथं एक बाजूवाले ६ × ६ × ६ आणि कोरे पण ६ × ६ × ६, दोन्ही २१६. त्याच्या खाली एकवाले जास्त असतात, त्याच्या वर कोरे जास्त. म्हणजे १००० तुकडे केले, n = १०, तर कोरेच ५१२ आहेत, अर्ध्याहून जास्त. घन जेवढा बारीक कापाल तेवढं एकूण तुकड्यांत रंग लागलेल्यांचं प्रमाण कमी होतं, हे लक्षात असलं तर पर्याय बघूनच एक-दोन उडवता येतात.

प्रश्न: उत्तर बरोबर आलं का हे पेपरात कसं कळणार?

दोन हिशोब आहेत. पहिला सगळ्यांना माहीत आहे, चारही आकड्यांची बेरीज n³ यायला पाहिजे. पण बेरीज जमली म्हणजे वाटणी बरोबर असं नाही, दोन तुकडे चुकून दुसऱ्या गटात टाकले तरी बेरीज तीच राहते. म्हणून दुसरा हिशोब रंगाचा करायचा. मोठ्या घनाच्या एका बाजूवर १६ तुकड्यांची तोंडं दिसतात, सहा बाजू, म्हणजे ९६ रंगलेली तोंडं. कापल्यानं रंग वाढत पण नाही आणि कमी पण होत नाही, फक्त वाटला जातो. तर ८ × ३ = २४, २४ × २ = ४८, २४ × १ = २४, बेरीज ९६. बरोबर.

सरळ प्रश्नाला हे करायची गरज नाही. पण पुढं जे अर्धवट रंगवलेले घन येतात तिथं हा दुसरा हिशोब लई कामाचा आहे, वीस-तीस सेकंदांत होतो आणि चूक पकडून देतो.

प्रश्न: n = २ असेल तर?

तर आठही तुकडे कोपरेच आहेत, सगळ्यांना तीन-तीन बाजू रंग, दुसरं कोणी नाही. सूत्रात n − २ शून्य होतंय म्हणून बाकी सगळे शून्य, सूत्र इथं पण चालतंय. n = १ ला मात्र सूत्र लावू नका, कापलाच नाही तर एकच घन आहे आणि त्याच्या सहाही बाजू रंगलेल्या.

प्रश्न: खालची बाजू रंगवलीच नाही असं आलं की काय करायचं? इथंच सगळे अडकतात.

हो, आणि मला वाटतं की हा एक प्रकार नीट समजला की बाकी सगळे आपोआप येतात, म्हणून याला वेळ द्या.

नवीन सूत्र शोधायचं नाही. आधी पूर्ण रंगवलेलाच घन धरायचा आणि खालच्या बाजूचा रंग पुसून टाकलाय असं समजायचं. रंग पुसल्यानं फक्त खालच्या थरातले १६ तुकडे बदलतात, वरच्या तिन्ही थरांना काही होत नाही. आणि त्या १६ पैकी प्रत्येकाचा बरोबर एक रंग कमी होतो. कोण किती खाली येतो ते बघू.

खालचे ४ कोपरे तीनवाले होते, ते दोनवाले झाले. खालच्या चार कडांवर प्रत्येकी २, म्हणजे ८ तुकडे दोनवाले होते, ते एकवाले झाले. खालच्या बाजूच्या मधले ४ एकवाले होते, ते कोरे झाले. चार अधिक आठ अधिक चार, सोळा झाले, कोणी सुटलं नाही.

आता मांडा. तीनवाले ८ मधून ४ गेले, राहिले ४. दोनवाले २४ मधून ८ गेले आणि ४ नवीन आले, २०. एकवाले २४ मधून ४ गेले आणि ८ आले, २८. कोरे ८ आणि नवीन ४, १२. बेरीज ६४. रंगाचा हिशोब: १२ + ४० + २८ = ८०, आणि पाच बाजू गुणिले १६ पण ८०. म्हणजे उत्तर पक्कं.

इथं हमखास होणारी चूक अशी की पोरं म्हणतात एक बाजू गेली म्हणजे एकवाल्यांतनं ४ वजा करायचे आणि संपलं, एकवाले २० झाले. पण कडेवरचे ८ जण वरनं घसरून एकवाल्यांत येऊन बसलेत त्यांना कोणी मोजतच नाही. आपल्या ४ च्या घनात एकवाले वाढतात, कमी होत नाहीत, हे आधी पटत नाही, बटाट्याच्या तळाचा रंग खरवडून दाखवला की पटतं.

प्रश्न: दोन बाजू रंगवल्या नाहीत तर? कुठल्या दोन ते दिलेलं नसेल तर?

दिलेलं नसेल तर प्रश्नच अपुरा आहे, कारण उत्तर बदलतं. दोन बाजू समोरासमोरच्या आहेत की एकमेकीला चिकटलेल्या, हे वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

समोरासमोरच्या घ्या, वरची आणि खालची कोरी. प्रत्येक कोपरा वरच्या नाहीतर खालच्या बाजूला लागून आहेच, म्हणून आठही कोपरे तीनवरून दोनवर आले, तीनवाला एकही उरला नाही. उभ्या चार कडांना काही झालं नाही, तिथले ८ दोनवालेच आहेत. म्हणजे दोनवाले ८ + ८ = १६. वरच्या चार आणि खालच्या चार कडांवरचे १६ एकवाले झाले, आणि चार उभ्या बाजूंच्या मधले १६ एकवाले होतेच, एकूण ३२. कोरे म्हणजे गाभ्यातले ८ आणि वर-खालच्या मधले ८, म्हणजे १६. बेरीज ६४.

आता चिकटलेल्या दोन घ्या, खालची आणि पुढची. या दोघींची एक कड सामाईक आहे, आणि खरा गुंता तिथंच आहे, कारण त्या कडेवरचे तुकडे दोन्ही बाजूंचा रंग गमावतात. त्या कडेच्या टोकाचे २ कोपरे तीनवरून सरळ एकवर येतात. त्या कडेवरचे मधले २ तुकडे दोनवरून सरळ कोरे होतात.

बाकीचे सोपे आहेत. अजून ४ कोपरे दोघींपैकी एकीलाच लागून आहेत, ते दोनवाले झाले, आणि मागच्या वरच्या बाजूचे २ कोपरे तीनवालेच राहिले. दोघींपैकी फक्त एकीलाच लागून असलेल्या कडा ६, त्यांच्यावरचे १२ तुकडे एकवाले. उरलेल्या ५ कडांना धक्का नाही, तिथले १० दोनवाले. रंगवलेल्या चार बाजूंच्या मधले १६ एकवाले, कोऱ्या दोन बाजूंच्या मधले ८ कोरे, गाभा ८ कोरा.

एकत्र करा: तीनवाले २, दोनवाले ४ + १० = १४, एकवाले २ + १२ + १६ = ३०, कोरे २ + ८ + ८ = १८. बेरीज ६४. रंगाचा हिशोब ६ + २८ + ३० = ६४, चार बाजू गुणिले १६ पण ६४.

समोरासमोरच्या प्रकारात पण रंगलेली तोंडं ६४ च आहेत बघा, ३२ + ३२. रंग तेवढाच वापरलाय तरी वाटणी एकदम वेगळी पडली. म्हणून "दोन बाजू कमी" एवढ्यावर कुठलंच सूत्र चालत नाही, जागा बघायलाच लागते.

प्रश्न: तीन रंग दिले असतील तर? लाल, निळा, हिरवा.

समजा समोरासमोरच्या बाजूंना एकच रंग आहे, वर-खाली लाल, डावी-उजवी निळी, पुढची-मागची हिरवी. किती बाजू रंगल्या याची मोजणी तीच राहते, ८, २४, २४, ८. नवीन काय तर कुठला रंग.

"फक्त लाल असलेले" म्हणजे लाल बाजूंच्या मधले, दोन बाजू गुणिले ४, म्हणजे ८. "लाल आणि निळा, आणि दुसरा कुठलाच नाही" म्हणजे लाल-निळी जिथं जुळते त्या कडा, अशा कडा ४ आहेत, म्हणून ४ × २ = ८. पण प्रश्नात "ज्यांना लाल आणि निळा दोन्ही लागलाय" एवढंच असेल तर कोपऱ्यांना पण दोन्ही लागलेत, सोबत हिरवा पण आहे म्हणून काय झालं, तेव्हा ८ + ८ = १६. अख्खा प्रश्न त्या एका "फक्त" वर फिरतो. "किमान एक बाजू लाल" असेल तर वरचे १६ आणि खालचे १६, एकूण ३२, सरळ दोन थर.

लाल बाजू समोरासमोर नसून चिकटलेल्या असतील तर मात्र १६ आणि १६ करून ३२ लिहू नका, मधल्या कडेवरचे ४ तुकडे दोन्हींत मोजले जातात. ३२ − ४ = २८. पर्यायात ३२ ठेवलेला असतोच, तो या चुकीसाठीच ठेवलेला असतो.

प्रश्न: उलटा प्रश्न आला तर? म्हणजे रंगलेले दिलेत, एकूण विचारलेत.

तो उलट सोपा जातो. "दोन बाजू रंगलेले ६०" दिलंय, १२ नं भागा, ५ आलं, n − २ = ५ म्हणजे n = ७, एकूण ३४३. "कोरे २७" दिलंय, घनमूळ ३, n = ५. "एक बाजू रंगलेले ९६" दिलंय, ६ नं भागून १६, वर्गमूळ ४, n = ६. भागल्यावर किंवा मूळ काढल्यावर पूर्ण आकडा आला नाही तर घन पूर्ण रंगवलेला नाही किंवा आपण भलताच गट धरलाय, परत प्रश्न वाचायचा. आणि शेवटी दोन मिळवायचे विसरायचे नाहीत, घाईत तेच राहतात.

प्रश्न: घन नसून विटेसारखा लांबट ठोकळा असला तर?

चार जागा त्याच. समजा लांबीत ५ तुकडे, रुंदीत ४, उंचीत ३, एकूण ६०. प्रत्येकातनं दोन-दोन वजा करून ठेवा, ३, २, १. कोपरे ८ च. प्रत्येक मापाच्या कडा ४-४ असतात, म्हणून दोनवाले ४ × (३ + २ + १) = २४. बाजूंच्या तीन जोड्या, म्हणून एकवाले २ × (३×२ + २×१ + ३×१) = २२. गाभा ३ × २ × १ = ६. ८ + २४ + २२ + ६ = ६०. उंची २ च तुकड्यांची असेल तर गाभा शून्य, वरचा आणि खालचा थर निघाला की आत काही राहतच नाही.

प्रश्न: पेपरात सूत्र लावू की चित्र काढू?

पूर्ण रंगवलेला साधा घन असेल तर सूत्र, दहा सेकंदांचं काम आहे. एक जरी बाजू कोरी असली किंवा रंग वेगवेगळे असले तर एक छोटा घन काढा, त्याच्यावर बाजूंना अक्षरं टाका, कोऱ्या बाजूवर फुली मारा. आतल्या सगळ्या रेघा मारत बसू नका, ६४ चौकोन काढण्यात वेळ जातो आणि मागच्या तीन बाजू तशाही दिसत नाहीत. कोपरे, कडा आणि बाजू एवढंच मोजायचंय, त्याला साधा घन पुरतो. कडा मोजताना वरच्या ४, खालच्या ४, उभ्या ४ असा क्रम ठेवला की सुटत नाहीत.

प्रश्न: खऱ्या लाकडात असे तुकडे निघतात का?

हे एका पोरीच्या वडिलांनी विचारलं, ते सुतारकाम करतात, आणि प्रश्न एकदम रास्त होता. करवतीची धार जेवढी जाड तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. समजा प्रत्येक कापाला २ मिलीमीटर जातंय, एका दिशेला ३ काप म्हणजे ६ मिलीमीटर गेलं, १२० मधून ११४ उरलं, चार तुकडे केले तर प्रत्येक २८.५ मिलीमीटरचा, ३० चा नाही. म्हणजे ३ सेंमीचे चार पाहिजेत तर ठोकळा मुळात १२.६ सेंमीचा घ्यायला लागेल. गणितात हे सोडून देतात. पण रंगाची मोजणी त्यानं बदलत नाही, भुसा आतल्या कापांतनं जातो, कोपरे आठच राहतात आणि कडेवर कोपरे सोडून दोनच तुकडे बसतात. त्यांनी रंधा मारायची गोष्ट पण काढली, की कापल्यावर तुकडे साफ करायला सगळ्या बाजूंवर रंधा मारला तर? तर बाहेरचा रंग निघून जाईल आणि चौसष्टच्या चौसष्ट कोरे होतील, म्हणून रंधा मारायचाच असेल तर फक्त कापलेल्या बाजूंवर मारा.